वरची मूठ

धारगळच्या हायवेवर माझ्या वहिनीचा काजूंचा गाडा आहे. पत्र्याचं छप्पर, पुढे एक मेज, मेजावर काटा आणि सालीसकट भाजलेल्या काजूंच्या बरण्या. गिऱ्हाइकाने अर्धा किलो मागितले की ती अर्धा किलो तोलते, पारडं रिकामं करून पिशवीत ओतते, आणि मग बरणीत हात घालून एक मूठ वर टाकते. ही मूठ तोलायची नसते. तिच्या आईने सावंतवाडीच्या बाजारात हेच केलं आणि लग्न होऊन इकडे आल्यावर हिनेही तेच चालू ठेवलं. त्या मुठीबद्दल मला एवढं लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

मी डिचोलीला राहतो. खाणी चालू होत्या तेव्हा मी तिथल्या वजनकाट्यावर कारकून होतो. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, मी आकडा बघायचो, पावती फाडायचो. माझा भाऊ त्याच ट्रकांपैकी एक चालवायचा. खाणी बंद पडल्या, भावाची कंबर गेली, आणि घर चाललं ते वहिनीच्या गाड्यावर. सकाळी सातला ती बसायची आणि दिवेलागणीला उठायची. विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्यांची धूळ दिवसभर अंगावर. तिचा खोकला आमच्या कानांना इतका सवयीचा झाला होता की तो थांबला तरच आम्ही वळून बघितलं असतं.

ऑनलाइन विकायची कल्पना माझी. रिकामा माणूस, हातात मोबाइल, आणखी काय होणार? एका मोठ्या पोर्टलवर विक्रेता म्हणून नाव नोंदवलं, जीएसटी काढला, फोटो चढवले. पाकीट किती वजनाचं करायचं हे मी ठरवलं आणि मला त्याचा गर्व होता. पोर्टलचं पोचवणावळीचं शुल्क वजनाच्या टप्प्यांवर असतं. पार्सल पाचशे ग्रॅमपर्यंत असलं तर पहिला टप्पा, एक ग्रॅम वर गेला की दुसरा. म्हणून काजू चारशे ग्रॅम, पिशवी आणि खोका मिळून ऐंशी. एकूण चारशे ऐंशी. वीस ग्रॅम हाताशी. पहिलं पाकीट मी स्वतः भरलं, स्वतः तोललं. जन्मभर वजनंच केली, म्हटलं, इथे कोण मला फसवणार?

किंमत ठेवली चारशे नव्याण्णव. गाड्यावर तेच चारशे ग्रॅम ती चारशे चाळीसला द्यायची. ऑर्डरी यायला लागल्या. पुणे, बेंगळुरू, कुठल्या कुठल्या गावांची नावं. लोक खाली लिहायचे, ‘सांगितलं त्यापेक्षा जास्त निघाले’. मी ते वाचून दाखवायचो आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसायची. पोर्टलने मग सेलमध्ये सामील व्हा म्हटलं, मी झालो. सत्तर रुपयांची सूट, आमच्याच खिशातून. ऑर्डरी दुपटीने वाढल्या. भाऊ वाकत वाकत स्कूटरवरून पार्सलं पेडण्याला कुरियरकडे पोचवायला लागला.

एका संध्याकाळी वहिनीने जाहीर केलं.

“भावजी, चवथीपासून मी रस्त्यार बसूचंय नाय. घराकच बसान काजू विकतलंय.”

हळर्णची एक भाजीवाली बरेच दिवस त्या जागेवर डोळा ठेवून होती. गणपतीपासून जागा तुझी, असा वहिनीने तिला शब्दही देऊन टाकला. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पोर्टलचे पैसे दर आठवड्याला एकगठ्ठा खात्यात यायचे. आकडा घसघशीत दिसायचा. माल उन्हाळ्यात, हंगामातच भरून ठेवलेला, त्यामुळे काजूला पैसे रोज बाहेर जाताना दिसायचे नाहीत. डबे रिकामे होत होते आणि खातं मात्र त्या मानाने भरत नव्हतं. हे लक्षात यायला मला पावसाळा अर्धा उलटावा लागला.

मग मी एकगठ्ठा आकडा सोडला आणि एक ऑर्डर धरली. फक्त एकच. काजूचा खर्च तीनशे वीस, पिशवी-खोका पंचवीस. विक्रीवर नऊ टक्के कमिशन, दर ऑर्डरीमागे पंचवीस रुपये ठरलेलं शुल्क, आणि पोचवणावळ पासष्ट धरली होती तिथे नव्वद कापलेले! या सगळ्या शुल्कांवर अठरा टक्के जीएसटी, पण त्याची वजावट मिळते, आणि काजूवरचा पाच टक्के कर किमतीतूनच भरायचा, ते दोन्ही जवळपास फिटले. उरलं काय? चारशे नव्याण्णवला विकलं तरी तोटा. सेलच्या चारशे एकोणतीसला तर दर पाकिटामागे सत्तर रुपये पदरचे. परत आलेल्या पार्सलांचं तर मी अजून काही धरलंच नव्हतं. फोडलेलं खाण्याचं पाकीट परत विकता येत नाही, आणि जायचं-यायचं भाडं मात्र आपल्याच माथी.

माझं डोकं भडकलं ते नव्वदवर. चारशे ऐंशी ग्रॅमच्या पार्सलला दुसरा टप्पा कसा लावता? मी तक्रारीवर तक्रार केली. प्रत्येक वेळी उत्तर एकच, काट्यावरच्या पार्सलाचा फोटो. पाचशे पाच. पाचशे सात. पाचशे चार. मी घरात ओरडत होतो, हे काटे खोटे आहेत, मला काटे शिकवतात! तक्रारी त्यांनी बंद केल्या आणि मी बस पकडून धारगळला गेलो, वहिनीला सांगायला की आपल्याला लुटतात.

ती गाड्यावरच पाकिटं भरत होती. मी स्टुलावर बसून तावातावाने बोलत होतो आणि ती ऐकत हात चालवत होती. चारशे ग्रॅम तोलले. पारडं पिशवीत ओतलं. मग बरणीत हात घातला, एक मूठ वर टाकली आणि पिशवी मेणबत्तीवर धरून बंद केली.

मी स्टुलावरून उठलो.

“वयनी, ही मूठ रोज घालतेस? पार्सलातसुद्धा?”

“मगे? वजन केल्यार संपला काय? मूठ नाय घातली तर गिरायक काय म्हणतला?”

मी तिची मूठ काट्यावर ठेवली. पंचवीस ग्रॅम. वीस रुपयांचे काजू, आणि त्यांच्या मागे टप्प्याचे आणखी पंचवीस. ते पंचवीस पोचवणावळीत आधीच धरले होते, हे वीस नव्हते; म्हणजे सेलच्या पाकिटामागे सत्तर नव्हे, नव्वद रुपये जात होते. मी तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि मग चिडली, माझ्यावर नाही, त्या न दिसणाऱ्या काट्यावर.

“मूठ माझी. माझ्या मुठीचे पैशे तेनी कशाक घेवचे?”

एवढ्यात एक गाडी थांबली. उतरलेल्या माणसाने चारशे ग्रॅमचा भाव विचारला, ऐकला, आणि मोबाइल पुढे केला. “मावशी, हेच काजू ऑनलाइन चारशे एकोणतीसला मिळतायत. घरपोच.” मोबाइलवर आमचंच पाकीट होतं. मी काढलेला फोटो, मागे वहिनीच्या घरची खिडकी.

वहिनीने फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि चारशे एकोणतीसला दिले. वर मूठही टाकली. तो खूश होऊन गेला. मला हसावं की रडावं कळेना. मी तिथेच हिशेब केला. कर-बिर जाऊन, मूठ जाऊन, तिच्या हातात साठाच्या वर राहिले होते. त्याच किमतीला तेच काजू पोर्टलवरच्या आमच्या पानावरून गेले असते तर नव्वद बुडाले असते.

“भावजी,” ती गाडी गेल्यावर म्हणाली, “खरा सांगा. घराक बसान भागतला?”

मी खरं सांगितलं. सेलमधून बाहेर पडलो, किंमत चारशे नव्याण्णवच ठेवून पाकीट साडेतीनशे ग्रॅमचं केलं, तर मूठ घालूनही पार्सल पहिल्या टप्प्यात बसेल. परतीचं नुकसान धरून एका ऑर्डरीमागे पंचवीसेक रुपये राहतील. सूट काढली की ऑर्डरीही निम्म्या होतील. जुनी गिऱ्हाइकं फोन करून मागवतात, त्यांना पैसे भरायची लिंक पाठवली तर पेमेंट गेटवे दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो, कुरियर आपण भरायचं, तरी ऐंशीच्या आसपास राहतात. पण अशी गिऱ्हाइकं आहेत कितीशी? गाड्यावर मात्र दर पाकिटाला सत्तर, आणि ते संध्याकाळी हातात.

“म्हणजे नाय,” ती म्हणाली.

“नाही,” मी म्हणालो. मला फार वाईट वाटलं. हे स्वप्न तिच्या डोक्यात मीच घातलं होतं, आणि आता मीच ते पंचवीस रुपयांवर आणून ठेवलं होतं.

चवथीच्या आधी हळर्णची भाजीवाली टोपल्या घेऊन हजर झाली. शब्द दिलेला होता. वहिनीने तिला चहा दिला, मेज अर्धं रिकामं करून दाखवलं आणि सांगितलं, दुपारपासून जागा तुझी, सकाळची माझी. ती बाई जरा कुरकुरली, मग कबूल झाली.

त्या दुपारी आम्ही घरी नवीन पाकिटं भरायला बसलो. वहिनीने साडेतीनशे ग्रॅम तोलले, पिशवीत ओतले, बरणीत हात घातला आणि माझ्याकडे बघत मूठ वर टाकली. पिशवी बंद केली, खोक्यात घातली आणि खोका माझ्या काट्यावर ठेवला. चारशे पंचावन्न.

“बसता?” तिने विचारलं.

“बसता,” मी म्हणालो.

“मगे मी पण बसतंय,” ती म्हणाली, आणि सकाळी धुळीत तोंडाला बांधायचा फडका धुवायला मागच्या दारी गेली.