आईला ताई म्हणणारे घर

माझे शालेय शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. तरीही आखातातल्या अल क्वोजमधल्या गोदामांच्या रांगेत माझ्या टायपिंगच्या दुकानाला जो मान होता, तो भल्याभल्या पदवीधरांना नव्हता, हे मी नमूद करू इच्छितो. रजेची विनंती असो की व्हिसाचा अर्ज, माझे इंग्रजी कुठल्याही काउंटरवर अडत नसे. नव्या शतकाच्या आरंभी ईमेलचा प्रघात पडला, तेव्हा मी दुकानात इंटरनेटचा संगणकही मांडला.

त्याच सुमारास शेजारच्या लेबर कॅम्पमध्ये व्हिएतनामी कामगार आले. त्यांच्यातला एक वेल्डर दर शुक्रवारी दुपारी माझ्याकडे येऊन घरी मेल लिही. खाते मीच उघडून दिले होते आणि पासवर्डही त्याने माझ्याच स्वाधीन ठेवला होता. तो शांतपणे टाइप करी, शेवटी मान झुकवून नमस्कार करी आणि निघून जाई.

एके दिवशी तो परांचीवरून खाली पडला. प्राण वाचले, पण शुद्ध आली नाही. दुसऱ्या दिवशी कॅम्पचा इन्चार्ज माझ्याकडे आला. तो कोल्हापूरकडचा. बरोबर कंपनीची दुभाषी होती, हनोईची एक तरुण बाई.

"मास्तर, त्याच्या आईला एक मेल टाकायचाय. त्याच्याच नावानं," इन्चार्ज म्हणाला. "मी बरा आहे, ड्यूटी जास्त आहे, काळजी करू नको, एवढंच. डॉक्टर काय ते नक्की सांगेपर्यंत घरी कळता कामा नये, असं साहेबांचं म्हणणं आहे."

मी चार ओळींचा मजकूर केला. 'डिअर मदर'पासून 'युअर सन'पर्यंत निर्दोष. दुभाषीने तो वाचला आणि मला विचारले, "सर, तुमचं वय काय?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"वय कळल्याशिवाय मला तुमच्याशी बोलताच येत नाही. कधीची अडखळतेय."

मी पंचेचाळीस सांगितले. "मग तुम्ही काका," ती सुटकेने म्हणाली. इन्चार्ज हसला. "घ्या मास्तर, पुतणी मिळाली!"

तिने समजावले ते असे. त्यांच्या भाषेत 'मी' आणि 'तू' सुटे मिळत नाहीत. नाते ठरवूनच बोलावे लागते. 'आन्ह' म्हणजे थोरला भाऊ, 'ची' म्हणजे थोरली बहीण, 'एम' म्हणजे धाकटे भावंड. ऑफिसात, बाजारात, परक्यांशीही हेच. नवरा स्वतःला 'आन्ह' म्हणतो आणि बायकोला 'एम'. कोरडा 'मी' एक आहे, पण तो घरच्या माणसाला वापरला तर दार लोटून घेतल्यासारखे वाटते. आईपुढे मुलगा स्वतःला 'कॉन' म्हणजे लेकरू म्हणतो, आणि आईला 'मे'.

तिने त्याचे जुने मेल उघडले. सगळ्यांचा आरंभ 'ची', शेवटी 'एम'. "हे थोरल्या बहिणीला लिहिलेले आहेत," ती म्हणाली. "पत्ता एकच दिसतो. गावच्या पोस्टात संगणक असेल, तिथली बाई घरी वाचून दाखवत असेल. आईलाही त्याच पत्त्यावर पोचेल." माझ्या मजकुरात मदर होते, म्हणून व्हिएतनामीत उतरवताना तिने 'मे' आणि 'कॉन' घातले. मी मेल पाठवला. त्या दोघांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर धूळ इतकी दाटली होती की समोरचे गोदाम दिसेना. दिवसाढवळ्या गाड्यांचे दिवे पिवळे, हळूहळू सरकत होते. उत्तर आले होते. मी फोन करून दोघांना बोलावले. दुभाषीने वाचायला सुरुवात केली आणि खुर्ची मागे सरकवली.

"काय लिहिलंय?" इन्चार्जने विचारले.

"लिहिलंय, मला 'मे' कोणी म्हटलं? माझ्या घरात हा शब्द कोणी उच्चारत नाही. याच्याआधीचे माझे दोन मुलगे गेले. हा झाला तेव्हा मी त्याला 'ची' म्हणायला शिकवलं, म्हणजे लेकरं न्यायला जे टपलेले असतात त्यांना वाटावं, हा हिचा मुलगा नाही, धाकटा भाऊ आहे. तीस वर्षं तो चुकला नाही. तुम्ही कोण आहात, आणि माझा एम कुठे आहे?"

इन्चार्ज पुटपुटला, "आमच्या चुलत्याचं नाव धोंडू आहे, मास्तर. त्याच्या आधीची तीन गेली होती."

आमच्या घरातही एक दगडू होता. यमाला दगड दिसावा म्हणून ठेवलेली ती नावे मला नवी नव्हती. पण इथे त्याच्याच खात्यातून, त्याच्याच नावाने, तीस वर्षे झाकून ठेवलेला शब्द आम्ही उघड्यावर लिहिला होता.

"जुन्या घरांत अशी रीत असते," दुभाषी म्हणाली. "मी ऐकून होते. 'ची' दिसलं की बहीणच, असं मी धरून चालले."

"आता खरं कळवा," मी इन्चार्जला सांगितले. "खलास, विषय संपला. साहेबांचं मी पाहतो." प्रत्यक्षात मी साहेबांचे काहीही पाहू शकत नव्हतो, पण तो कबूल झाला.

आधी इस्पितळात जाऊन येऊ, असे ठरले. रस्ता दिसत नव्हता. इन्चार्ज खिडकीबाहेर डोके काढून गाडी चालवत होता. अतिदक्षता विभागाच्या दाराशी केरळची एक नर्स भेटली. काल सायंकाळपासून ताप चढला आहे, असे ती म्हणाली.

"बेशुद्धीत काहीतरी बोलतोही. एकच शब्द. कालपर्यंत ओठ हलले नव्हते."

आम्ही आत गेलो. ओठ हलत होते. दुभाषी वाकली, तिने ऐकले आणि ताठ उभी राहिली. मग पुन्हा वाकून त्याच्या कानाशी ती हळूच म्हणू लागली, "एम, ची बोलावतेय. एम, ची वाट बघतेय." त्याने ऐकले, असे मला वाटत नाही. तो 'मे' म्हणत होता. मलाही ते स्पष्ट ऐकू आले.

तो पहाटे गेला.

सकाळी आम्ही तिघे पुन्हा दुकानात बसलो. साहेबांनी शोकसंदेशाचा मसुदा मागवला होता आणि तो मीच केला. अपघात, उपचार, मृतदेह घरी पोचवण्याची जबाबदारी. तेवढ्यात त्याच्या आईचा दुसरा मेल आला. तिला अजून काहीच ठाऊक नव्हते. एकाच ओळीत तिने विचारले होते, त्याने कुणाला हाक मारली का?

मी मसुद्याच्या शेवटी एक वाक्य जोडले. 'ही वॉज कॉलिंग फॉर यू.'

दुभाषीने ते पुन्हा पुन्हा वाचले. "काका, तुमच्या 'यू'ला काहीच ठरवावं लागत नाही," ती म्हणाली. "मी तिच्याशी बोलताना तिला 'बाक' म्हणते, बापाहून मोठ्या माणसाला म्हणतात तसं. तसं लिहिलं तर ही कंपनीची बातमी होते. 'ची' लिहिलं तर तो आयुष्यभर जे म्हणत आला तेच शेवटीही म्हणाला, असं होतं. तिला झोप लागेल."

"मग 'ची' लिहा ना," इन्चार्ज म्हणाला. "म्हातारीला कशाला छळायचं? 'मे' लिहिलं तर तिला वाटेल, त्या शब्दानंच नेलं."

"आणि तो शब्द आयुष्यात शेवटीच त्याच्या तोंडी आला, तो तिच्यापर्यंत पोचवायचाच नाही?" दुभाषी म्हणाली.

इन्चार्जने माझ्याकडे पाहिले. कुणी मला शब्द विचारावा आणि तो माझ्यापाशी नसावा, हे आयुष्यात प्रथमच घडत होते. मी एवढेच म्हणालो, "आता त्याला कोण नेणार आहे?"

तिने मान हलवली आणि लिहायला घेतले. तिची बोटे शेवटच्या वाक्याशी थांबली. 'मे' या शब्दाची ती दोन रोमन अक्षरे मी एव्हाना ओळखू लागलो होतो; ती उमटलेली पाहिली आणि पाठवण्याचे बटण मीच दाबले. मग आम्ही तिघे त्या पडद्यासमोर तसेच बसून राहिलो. उत्तर यावे की येऊ नये, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आले नसते.