सोमवारपर्यंतची मुदत

जर्नलं जमा करायच्या शेवटच्या दिवशी शिक्षकाच्या टेबलावर जे पत्र येतं, ते मी सहसा उघडतच नाही. आत काय असणार हे पाठ झालेलं असतं. आजी वारली, लॅपटॉप बिघडला, वीज गेली. एका पोराची आजी तर माझ्या हिशेबाने तीनदा वारली आहे. त्यामुळे त्या सकाळी वहीचा कागद चार घड्या घालून कोणीतरी माझ्या डस्टरखाली सरकवलेला दिसला, तेव्हा मी कपाळाला आठी घालूनच तो उलगडला.

कोल्हापूरच्या बाहेर, उसाच्या रानात उभ्या असलेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. दर वर्षी करार संपतो, दर वर्षी नवा होतो. राहते मंगळवार पेठेत. तिथल्या लोकांना मी ‘प्रोफेसर’ वाटते आणि कॉलेजच्या कारकुनाला ‘टेंपरवारी मॅडम’. दोघांचंही खरं आहे.

पत्राची सुरुवात शाळेत घोटून घेतलेल्या इंग्रजी अर्जाची होती. दोन ओळींत इंग्रजी संपलं आणि पोरगं सरळ मराठीत उतरलं. लिहिलं होतं ते असं:

‘मॅडम, फिल्टर डिझाइनचं प्रॅक्टिकल माझं पूर्ण झालेलं नाही. फ्रिक्वेन्सीचा आलेख बरोबर येतो. पण वेळेचा आलेख काढायला गेलं की आउटपुट वर जाऊन चिकटतं आणि खाली येत नाही. कधीकधी टाइम स्टेप फार लहान झाली म्हणून सॉफ्टवेअर मधेच थांबतं. मी कपॅसिटर बदलून पाहिले, ऑप-अँपचं मॉडेल बदललं, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, मित्राच्या लॅपटॉपवर चालवलं. चूक सापडत नाही. ती सापडल्याशिवाय ब्रेडबोर्डवरची रीडिंग घेणं मला बरोबर वाटत नाही. सोमवारपर्यंत मुदत द्यावी ही विनंती. फाइल मेल केली आहे.’

मुलगा कोडोलीचा. एसटीने यायचा, तिसऱ्या बाकावर बसायचा, वर्गात तोंड उघडायचा नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत जर्नल जमा झालं नाही तर त्याची टर्म ग्रँट होणार नव्हती. टर्म नाही म्हणजे परीक्षेला बसणं नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. हे त्यालाही माहीत होतं, तरी पत्रात त्याबद्दल एक शब्द नव्हता. रडगाणं नसलेलं पत्र बघून मीच जरा गडबडले.

बाकी सगळ्या वर्गाची जर्नलं माझ्या टेबलावर आली होती. मी सह्यांना बसले. वेळेचा आलेख प्रत्येकाचा सुरेख. आत सोडलेली लाट, बाहेर आलेली लाट, कुठे खोट नाही. पाचसहा जर्नलं झाल्यावर मला दिसलं की तिसऱ्या लाटेच्या माथ्यावर माऊसचा बाण आहे. पुढच्या जर्नलातही बाण, त्याच माथ्यावर. त्याच्या पुढच्यातही. कुण्या जुन्या बॅचच्या कुणीतरी काढलेला एकच आलेख व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून सगळ्या वर्गात गेला होता. नक्कल करतात हे मला काही नवं नव्हतं. पण निदान बाण तरी पुसावा, एवढीही यांना लाज नाही? मला त्या बाणाचाच जास्त राग आला.

मग सर्किट कॉम्प्युटरवरच चालवून बघायच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये मी पोराची फाइल उघडली. सर्किटची जोडणी विभागाच्या मॅन्युअलमध्ये आहे तशीच्या तशी. दोन रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि एक ऑप-अँप, म्हणजे सिग्नल मोठा करणारी चिप. एक किलोहर्ट्झच्या खालचं पुढे जाऊ द्यायचं, वरचं अडवायचं, एवढंच या फिल्टरचं काम. चालवलं. फ्रिक्वेन्सीचा आलेख झकास आला. वेळेचा चालवला, तर आउटपुट चढलं वर, पंधरा व्होल्टच्या पुरवठ्याला जाऊन टेकलं आणि तिथेच बसलं. पोरगं खरं बोलत होतं.

मी मॅन्युअल पुढे ओढलं, त्यातल्या आकृतीवर बोट ठेवून एकेक तार बघत गेले, आणि ऑप-अँपपाशी थांबले. अधिक आणि उणे ही टोकं उलटी काढलेली होती. आउटपुटमधून परत येणारी तार उण्याला जायला हवी, ती आकृतीत अधिकला जात होती. म्हणजे आउटपुट जरा वर गेलं की त्याला आणखी वर ढकलायचं. फ्रिक्वेन्सीच्या आलेखात हे कळत नाही. ते गणित टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखं असतं, पेन्सिल उभी आहे असं धरून चालतं, पडेल का ते विचारत नाही. वेळेचा आलेख काढला की पेन्सिल पडते.

मग इतकी वर्षं ब्रेडबोर्डवर, तारा खोचायच्या त्या भोकाभोकांच्या पाटीवर, हे चालतं कसं? तेही लगेच समजलं. आकृतीखाली पिन नंबरांचा तक्ता आहे आणि तो बरोबर आहे. आमच्याकडे जोडणी करताना आकृती कोणी बघत नाही, पिन बघून तारा खोचतात. आकृती बघायची वेळ फक्त सॉफ्टवेअरवर येते, आणि सॉफ्टवेअर कोणी चालवतच नव्हतं. मॅन्युअल छापल्यापासून ते खरोखर चालवणारा, निदान मला ठाऊक असलेला, हा पहिलाच.

मी त्याला बोलावून घेतलं. माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, “ही दोन टोकं बदल आणि चालव.”

त्याने बदलली. लाट आली. गुळगुळीत, जशी यायला हवी तशी. त्याने आणखी एकदा चालवून बघितलं.

“म्हंजे माझं चुकलंच नव्हतं की, मॅडम,” तो म्हणाला.

“नव्हतं.”

“मी म्हटलं आपल्याच डोक्यात गाळ हाय.” आणि तो हसला. त्या वर्षात त्याला हसताना मी तेवढंच पाहिलं.

ब्रेडबोर्डवरची रीडिंग अजून बाकी होती. त्याने रेझिस्टर-कपॅसिटरच्या व्हॅल्यू स्वतः गणित करून काढल्या होत्या, इतरांसारख्या उचलल्या नव्हत्या, त्यामुळे रीडिंगही त्याची त्यालाच घ्यायला हवी होती. पण तपासणी समितीच्या भेटीसाठी प्रयोगशाळेत रंगकाम चाललं होतं, सगळी उपकरणं कपाटात बंद. सोमवारी उघडणार. त्याने सोमवार का मागितला हेही मला आता उमगलं. मुदतीला विभागप्रमुखांची सही लागते. “जर्नल घेऊन थांब, सही आणते,” असं मी त्याला सांगितलं. मी तेव्हा खुशीत होते, हे सांगायला हवं. इतक्या वर्षांत एक पोरगं खरं काम करताना सापडलं होतं.

विभागप्रमुखांनी पत्र वाचलं, मॅन्युअलची आकृती बघितली, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बरोबर आहे पोराचं,” ते म्हणाले.

“मग सही करा, सर.”

“कारण काय लिहायचं? मॅन्युअल चुकलंय? मॅडम, समिती दारात आहे. हे पत्र फाइलला लागलं तर पहिला प्रश्न येणार, एवढी वर्षं पोरांनी आलेख काढले कुठून? काय सांगणार तुम्ही? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आणि पोराचं वर्ष?”

“वर्ष कोण घालवतंय? मुदत देतो की. नवा अर्ज आणायला सांगा. ताप आला होता म्हणावं. डॉक्टरचं सर्टिफिकेट काय, कुठल्याही दवाखान्यात मिळतं. मेडिकलला मी डोळे झाकून सही करतो.”

मी म्हटलं, “सर, चोर सोडून संन्याशाला फाशी झाली ही.”

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, “फाशी कुठं? त्याला सोडवायचाच रस्ता दाखवतोय मी. आणि तुमचाही करार मेमध्ये माझ्याच सहीने पुढे जातो, म्हणून काळजीने सांगतोय.”

मी आणखी भांडले. आवाज कॉरिडॉरमध्ये गेला असणार, कारण शिपाई आत डोकावून गेला. पत्र त्यांनी घडी घालून माझ्या हातात परत दिलं.

पोरगं जिन्यापाशी उभं होतं. मी त्याला जसं झालं तसं सांगितलं. ताप म्हणून लिही, सर्टिफिकेट आण, सोमवार मिळेल. त्याने माझ्याकडे बघितलं.

“पण मला ताप आला न्हाई की, मॅडम.”

“माहीत आहे रे.”

“मग जे झालंय ते लिवलं तर मुदत न्हाई, आणि न झालेलं लिवलं तर हाय?”

त्याने माझ्या हातातलं पत्र घेतलं, खिशात घातलं आणि जिना उतरून गेला. मला वाटलं, दवाखान्यात गेला.

संध्याकाळी मी जर्नलांचा गठ्ठा बांधत होते तेव्हा तो आला. जर्नल पूर्ण. रीडिंगचा तक्ता भरलेला, इतरांच्या तक्त्यासारखाच. वेळेचा आलेख चिकटवलेला, डिंक अजून ओला. तिसऱ्या लाटेच्या माथ्यावर बाण.

“अरे, हे काय केलंस?” मी ओरडलेच.

“खोटंच द्यायचं हाय तर सगळ्यांचं तेच देतो, मॅडम,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “तापाचं लिवलं असतं तर ते माझं एकट्याचं खोटं झालं असतं.”

जर्नल परत केलं तर त्याचं वर्ष जाणार. मी सही केली. माझी सही एरवी ऐसपैस असते, त्या पानावर ती कोपऱ्यात गेली. त्याने ‘थँक्यू मॅडम’ म्हटलं आणि कोडोलीची एसटी गाठायला पळाला.

समिती आली, चहा-पोहे घेऊन गेली, जर्नलांचं कौतुक झालं. मेमध्ये माझा करार पुढे गेला. पुढच्या वर्षीचं मॅन्युअल नव्या कव्हरात छापून आलं, आतली आकृती तीच. मी वर्गात फळ्यावर बरोबर आकृती काढून देते. पोरं ती उतरवून घेतात आणि आलेख ग्रुपवरून घेतात.

पुढच्या सत्रातही तो माझ्याकडेच होता. जर्नलं जमा करायची तारीख लागली आणि माझ्या टेबलावर सगळ्यात पहिलं जर्नल त्याचं आलं, मुदतीच्याही आधी. अक्षर सुरेख, आलेख सुरेख. मी पानं चाळली आणि विचारलं, “हे सगळं चालवून बघितलंस ना रे?”

“न्हाई मॅडम,” तो म्हणाला. “गरज पडली न्हाई.”