पन्नासाव्या वर्षाचं विरजण

नव्वदच्या दशकात मी नाशिकला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नवा ज्युनियर इंजिनिअर होतो आणि स्वतःच्या गणितावर माझा फार विश्वास होता. पेठकडच्या एका गावाच्या पाइपलाइनचं काम होतं. पाइप दहा लाखांचा, पण दर पंचवीस वर्षांनी बदलावा लागणारा. त्या बदलांसाठी आजच किती रक्कम बाजूला ठेवायची, ते मला काढायचं होतं. भाव तेच राहतील आणि व्याज दहा टक्के मिळेल असं धरून मी लिहिलं, सुमारे ब्याण्णव हजार. पंचवीस वर्षांत त्याचे दहा लाख होतात.

आमच्या डेप्युटी इंजिनिअर बाईंनी कागद पाहिला.

"पाइप बदललात. मग पन्नासाव्या वर्षी काय?"

मी आकडेमोड पुन्हा पाहिली; पंचविसाव्या वर्षी सगळे पैसे संपत होते.

"सगळं दही वाढून मोकळे झालात. विरजण नको ठेवायला?"

माझा आकडा खोडून त्यांनी एक लाख एक हजार सातशे लिहिले. पंचवीस वर्षांनी त्याचे अकरा लाखांच्या वर होतात. दहा लाख पाइपाला जातात आणि मूळची रक्कम जशीच्या तशी उरते, पुन्हा वाढायला. असं कायमचं. फरक जेमतेम साडेनऊ हजारांचा.

मला आधी रागच आला, इतकं साधं होतं ते.

सही करता करता बाई म्हणाल्या, "पहिला बदल होईल तेव्हा मी रिटायर झालेली असेन, दुसऱ्याला तुम्ही. तिसऱ्याला आपल्यापैकी कुणी नसेल. पाणी मात्र यायला हवं."