नारायण पेठेने दिलेला अभिप्राय

सोनाली पाण्याच्या टाक्या धुते. सोसायट्यांच्या, गच्चीवरच्या आणि जमिनीखालच्याही. आधी टाकी उपसायची, तळाचा गाळ मशीनने ओढायचा, भिंतींवर जोरात फवारा मारायचा आणि शेवटी औषध फवारून टाकी कोरडी करायची. टाकीत ती स्वतः उतरते आणि तोंडाशी तिचा मदतनीस धोंडिबा पाइप धरून बसतो. कॉल सेंटरची नोकरी सोडून तिने हा धंदा काढला, तेव्हा नातेवाइकांनी कपाळावर हात मारले होते. खराडीच्या एका आयटी पार्कच्या टाक्यांचं वर्षभराचं काम मिळालं तर ते हात खाली येणार होते. नाही मिळालं तर तिला पुन्हा कानाला हेडफोन लावावा लागणार होता. धंदा कसाबसा चालला होता, आणि कसंबसं किती दिवस चालतं हे तिला चांगलं ठाऊक होतं.

त्या पार्कची देखभाल शेफाली नावाची मुलगी बघायची. तिला सोनालीचं काम पटलं होतं, पण तिच्या वरच्यांना पुरावा हवा होता.

"ताई, एक क्लायंट टेस्टिमोनियल द्या ना. जुन्या ग्राहकाने स्वतः लिहिलेलं. फ्रायडेपर्यंत."

सोनालीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे नारायण पेठेतली एक सोसायटी, आणि तिथले सचिव म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले श्याम दातार. दातारकाकांना कुणी कधी कशाचं कौतुक करताना ऐकलेलं नाही. दगडूशेठची आरास कशी वाटली, असं विचारलं तर ते "लाइट बरेच होते" म्हणतात. त्यांना सोनालीने मेसेज पाठवला: 'काका, आमच्या कामाबद्दल आपला अभिप्राय द्यावा ही विनंती.'

उत्तर आलं: 'कशासाठी?'

त्यावर तिने सगळ्यात मोठी चूक केली. काकांचे कष्ट वाचावेत म्हणून अभिप्राय स्वतःच लिहिला, 'अत्यंत तत्पर व उत्कृष्ट सेवा' वगैरे लिहून सहीसाठी पाठवून दिला. दातारकाकांचा तडक फोन आला.

"अहो ताई, हे मी कधी म्हणालो?"

"नाही काका, तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"मला त्रास होईलच. चाळीस वर्षं मी न वाचता सही केली नाही, आणि वाचून तर ही मुळीच करणार नाही." फोन बंद.

सोनाली रडकुंडीला आली. शेफालीला सगळं सांगितलं तर ती खो खो हसत सुटली. "ताई, शब्द त्यांचेच हवेत हो. रेडीमेड लिहिलेलं आम्हालाही कळतं, सगळे सेमच वाटतात. पण कोरा कागद पुढे ठेवला तर कुणीच लिहीत नाही. दोन-तीन पॉइंट्स सुचवा, मग माणूस लिहितो."

मग सोनालीने स्वयंपाकघरात बसून तिसरा मेसेज लिहिला. तिची आजी सुंदराबाई समोर लसूण सोलत होती. 'नमस्कार काका. कालच्या मजकुराबद्दल माफ करा. खराडीच्या एका ऑफिसकडे मी काम मागितलं आहे. त्यांना जुन्या ग्राहकाचा अनुभव वाचायचा आहे. आपण आपल्या शब्दांत चार ओळी लिहाल का? सोपं जावं म्हणून मुद्दे सुचवते. टाकी धुण्याआधी पाण्याची काय तक्रार होती? आमची माणसं कशी वागली? नंतर काय फरक पडला? काही खटकलं असेल तर तेही लिहा. सगळ्या मुद्द्यांवर लिहायलाच हवं असं नाही. सोसायटीच्या नावासह वापरलं तर चालेल का, तेवढं कळवा. गुरुवारपर्यंत मिळालं तर बरं होईल.'

काकांचं उत्तर आलं: 'मुद्दे मिळाले. कार्यवाही चालू आहे.'

कार्यवाही! चार ओळी लिहायला कसली आली आहे कार्यवाही? गुरुवार उजाडला तरी काही आलं नाही, तेव्हा ती स्कूटर काढून सरळ नारायण पेठेत गेली आणि जिन्यातच थबकली. नोटीस बोर्डावर तिचे मुद्दे लागले होते! वर काकांच्या अक्षरात सूचना होती: 'सचिवाला सोसायटीच्या वतीने एकट्याने मत देण्याचा अधिकार नाही. सभासदांनी खालील मुद्द्यांवर लिहावे. विषयांतर करू नये.' खाली दोरीला पेन बांधलं होतं आणि कागद गच्च भरला होता.

ती वाचू लागली.

'आधी पाण्याला वास होता. आता नाही. त्यामुळे चहा बिघडला की बायकोला पाण्याचे नाव सांगता येत नाही.'

'माणसे वागायला चांगली. जिन्यात चिखल झाला, तो न सांगता पुसला. हे आमच्या सभासदांनाही जमत नाही.'

'पाणी स्वच्छ येते. कमी येते, पण तो प्रश्न टाकीचा नाही, महापालिकेचा आहे.'

'मशीनचा आवाज भयंकर. दुपारी दोन ते चार ही काय वेळ झाली? पूर्वी पाणी गाळून, उकळून घेत असे. आता ही मुलगी टाकी धुऊन गेली की सरळ नळाचे पिते. सुनीती, तिसरा मजला.'

सर्वांत खाली दातारकाकांची सही होती: 'वरील मते सभासदांची आहेत. सचिव सहमत आहे. सोसायटीच्या नावासह वापरण्यास हरकत नाही. काटछाट करू नये.'

"काका, ती दुपारच्या झोपेची ओळ तेवढी..." जिना उतरून येणाऱ्या दातारकाकांना सोनाली चाचरत म्हणाली.

"तुम्हीच विचारलंत ना, काय खटकलं म्हणून? मग खटकलं. न्यायचं तर सगळं न्या."

काटछाट न करण्याची अट होती. तिने आख्ख्या कागदाचा फोटो काढून तसाच पाठवला.

शुक्रवारी संध्याकाळी शेफालीचा फोन आला. हसू आवरत नव्हतं तिला. "ताई, मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं! आमचे सर म्हणाले, हे लोक एवढे खवट असून हिलाच दरवर्षी बोलवतात, म्हणजे काम चोख असणार. पुढच्या आठवड्यात सुरू करा. फक्त आमच्याकडे संडेला या, आवाज चालेल."

फोन ठेवून सोनाली ओट्यापाशी नाचलीच. लसूण सोलता सोलता सुंदराबाईने विचारलं, "काय लिवलंय एवढं? वाच की."

सोनालीने वाचलं. चहाच्या ओळीला आजी हसली, चिखलाच्या ओळीला तिने मान डोलावली. सुनीतीबाईंची ओळ आली तशी मात्र तिचा हात लसणावरच थांबला.

"पेठेतली बाई हाय ही?"

"हो."

"तू टाकीत उतरून धुतलेलं पाणी... न उकळता पिती?"

"हो आजी."

"आन लिवून दिलं? नावानिशी?"

"भिंतीवर लावलं होतं. सगळ्यांसमोर."

सुंदराबाईने लसूण ताटात ठेवला. तिच्या गावात विहिरीला शिवायची सोय नव्हती. घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, नाही तर ऊन उतरेपर्यंत वाट बघायची. हे सोनालीने लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की ऐकणं बंदच केलं होतं. आज मात्र आजीने ते सांगितलं नाही.

"पुन्यांदा वाच ती ओळ," आजी म्हणाली.

सोनालीने पुन्हा वाचली, आवाजाच्या तक्रारीसकट. आजीने पदराने डोळे पुसले आणि लसणाची पाकळी हातात घेतली.

"दुपारची नगं जाऊस गं त्या पेठेत," ती म्हणाली. "म्हातारी निजत असंल."