असतं, पण

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मला विष घालणारी ठरवलं, ते एका सफरचंदावरून. नौपाड्यात आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात वावरत होतो. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

त्यांचा सहा वर्षांचा मुलगा मुदतीच्या तापातून नुकताच उठला होता. सफरचंद तेव्हा आजाऱ्याच्या उशाशीच दिसायचं. डॉक्टरांनी वाफवून द्यायला सांगितलं होतं, म्हणून मी त्या दिवशी ते चिरत होते. तेवढ्यात त्यानं मधला गाभा उचलून तोंडात कोंबला. मी बोट घालून गाभा काढला, पण चार-पाच बिया त्यानं गिळल्याच. जाऊबाईंना मी हे आपण होऊन सांगितलं. त्या हसल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला उलट्या सुरू झाल्या. जाऊबाई त्याला माझ्याजवळ ठेवून दवाखान्यात धावत गेल्या आणि तशाच धावत परत आल्या. आत न येता गॅलरीत उभ्या राहून, शेजारपाजारच्या सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "डॉक्टर म्हणाले, सफरचंदाच्या बियांत विष असतं! हिनं माझ्या पोराला मुद्दाम चारलं! हिची कूस उजवत नाही ना अजून!"

 सासूबाईंनी मुलाला माझ्याजवळून ओढून घेतलं. सासरे माझ्या नवऱ्याला म्हणाले, "संध्याकाळच्या आत हिला कल्याणला माहेरी पोचव." आणि माझा नवरा खुंटीवरचा कोट काढायला गेला. त्या कोटाचा राग मला अजून आहे.

तशी जाते, तर आयुष्यभर विष घालणारी म्हणूनच राहिले असते. मी रडले नाही. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. मी म्हटलं, "जाते. पण आधी दवाखान्यात. मुलाला घ्या. आणि जाऊबाई, तुम्ही पुढं व्हा."

त्या नको नको म्हणू लागल्या. आत्ताच विचारून आले, पुन्हा कशाला, म्हणाल्या. पोराचा जीव धोक्यात आहे म्हणणारी आई दवाखान्याला नको म्हणते, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

दवाखान्याचं बाक माणसांनी भरलेलं होतं. मला तेच हवं होतं. डॉक्टरांनी मुलाला तपासायला घेतलं तेव्हा मी म्हटलं, "जाऊबाई, मघाशी काय विचारलंत ते पुन्हा विचारा. मोठ्यानं."

त्यांनी पुटपुटत विचारलं, "काल यानं चार-पाच बिया गिळल्या. बियांत विष असतं ना हो?"

"असतं, पण," डॉक्टर म्हणाले, "माझं 'पण' ऐकायला तुम्ही थांबलात कुठं? बी अख्खी गिळली तर जशी आत जाते तशी बाहेर पडते. चावली, ठेचली, तरच तिच्यातून विष सुटतं, तेही थोडंसं. मोठ्या माणसाला खरा अपाय व्हायला शंभराच्या आसपास, कदाचित त्याहून जास्त बिया एका वेळी चावून खाव्या लागतील. लहान मुलाला कमी पुरतील, पण चार-पाच अख्ख्या बियांनी काही होत नाही. आणि विष बाधायचंच असतं तर कालच बाधलं असतं, आज दुपारी नव्हे. याला उलट्या होतायत हे मघाशी का नाही सांगितलंत? आज काय दिलंत खायला?"

 जाऊबाईंच्या आधी मुलगाच म्हणाला, "आईनं भजी दिली. कुणाला सांगू नको म्हणाली."

डॉक्टर त्यांना असं काही बोलले, की बाकावरच्या माणसांनी माना खाली घातल्या. मी नाही घातली. मुदतीच्या तापानं आतडी नाजूक होतात, भज्यांनी पोर हातचं गेलं असतं, हे त्या ऐकत होत्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या घरात आल्यापासून इतकं गार मला कधी वाटलं नव्हतं.

नशिबानं मुलाला पुढं काही झालं नाही. कल्याणचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, आणि माझी माफीही कुणी मागितली नाही. सासूबाईंनी फक्त फर्मान काढलं, की यापुढं मुलाचं खाणंपिणं धाकटी बघेल.

मग रोज मी त्याला वाफवलेलं सफरचंद भरवायची आणि त्याची आई दारात उभी राहून बघायची. माझ्या हातून खाताना तो मला बिलगायचा. दारातून तिला ते नीट दिसावं म्हणून मी पाट मुद्दाम तिकडे वळवून घ्यायची.

एके दिवशी त्या आत आल्या. माझ्यासमोर कधी न वाकलेली ती बाई हळूच म्हणाली, "आज मी भरवू का गं?"

मी वाटी पदराखाली घेतली.

"बिया काढता येतील तुम्हाला?" मी विचारलं.