खाजगी चावीची दुसरी प्रत

भूकंपानंतर दीड वर्ष आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. मी तेव्हा शाळेत होते. ज्यांची कागदपत्रं ढिगाऱ्याखाली गेली त्यांना आपण आपणच आहोत हे पटवायला तहसीलच्या चकरा माराव्या लागल्या. त्यात माझे वडीलही होते. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत असते आणि प्रती कुठे आहेत याची यादी असते. या सवयीवरच मला लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये संगणक विभाग सांभाळायची नोकरी मिळाली.

क्लास तेव्हा फुगत होता. दर रविवारी हजारो मुलांची चाचणी व्हायची. तिच्या प्रश्नपत्रिका भाड्याच्या एका सर्व्हरवर असत. आम्ही पाच जण त्या सर्व्हरवर काम करायचो आणि पाचांचा पासवर्ड एकच होता, तोही छपाईच्या खोलीतल्या फळ्यावर लिहिलेला. नोकरी सोडून समोरच्या गल्लीतल्या क्लासला गेलेल्यांनाही तो पाठ होता. बाहेरून रोज शेकडो यंत्रं पासवर्डचा अंदाज करत दार ठोठावत, ते लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या ये-जा नोंदवहीत, दिसायचं. मी एका आठवड्यात पासवर्डनं आत येणं बंद केलं आणि प्रत्येकाला चाव्यांची जोडी करून दिली.

जोडीतली सार्वजनिक चावी सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये जाते, माणसागणिक एक ओळ. खाजगी चावी आपल्या संगणकावरच राहते. आत जाताना ती सर्व्हरकडे पाठवली जात नाही. तिनं केलेली सही तेवढी जाते आणि सर्व्हर ती सार्वजनिक चावीशी पडताळतो. कोणती चावी केव्हा आत आली हे लॉगमध्ये उमटतं. सरांना, म्हणजे क्लासच्या मालकांना, हेच फार आवडलं. "म्हणजे कोण काय करून राहिलं ते कळणार तर," ते म्हणाले.

प्रश्नसंच टंकायला नांदेडची एक बाई होती. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. वडिलांचं नांदेडला घड्याळदुरुस्तीचं दुकान, नवरा इथे लातुरात औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे. गणिताची चिन्हं तिच्याइतकी बिनचूक कुणी टंकत नसे. मी तिच्या शेजारी बसून चावी बनवत होते.

"ही फाइल कुणाला द्यायची नाही," मी म्हटलं. "कुणी म्हणजे कुणालाच."

"तुम्हाला पण न्हाई, ताई?"

"मला सोडून. एक प्रत माझ्याकडे राहील. तुझा संगणक बसला तर?"

"मग खाजगी कशाची? अर्धी खाजगी म्हणा." ती हसली. "आणि हे काय विचारून राहिलंय? पासफ्रेज?"

"चावीलाच लावायचं कुलूप. रिकामं सोड. विसरलीस तर मलाच निस्तरावं लागेल."

"विसरत न्हाई मी. माझ्या अब्बांच्या दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांची घड्याळं मला तोंडपाठ हायेत."

तरीही मी रिकामंच ठेवायला लावलं. बाकीच्यांनाही. नंतर पाचांच्या संगणकांवर त्या फाइलची परवानगी अशी बसवली की ज्याची चावी त्याच्याशिवाय कुणाला ती वाचता येऊ नये. ती सैल असेल तर सर्व्हरशी जोडणारा प्रोग्राम चावी वापरायलाच नकार देतो, हे मी सगळ्यांना अभिमानानं दाखवलं. आणि त्या पाचही फाइली एका पेन ड्राइव्हवर उतरवल्या, जिथे असली कोणतीच परवानगी टिकत नाही. ड्राइव्हला चिठ्ठी लावली: "सर्वांच्या चाव्या". स्वच्छ अक्षरात. तो स्टेशनरीच्या कपाटात ठेवला. कपाटाची किल्ली स्वागतकक्षाच्या मागच्या खिळ्याला असायची, कारण पेन आणि रिम लागतच असतात.

चाव्या नव्या करणं पाच मिनिटांचं काम आहे. संगणक बसला तर नवी जोडी करायची, सर्व्हरवरची जुनी ओळ खोडायची, नवी घालायची. प्रत ठेवायची काहीच गरज नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

चाव्या दिल्यापासून सातव्या-आठव्या महिन्यात एका शनिवारी आमची रविवारची प्रश्नपत्रिका दुसऱ्या क्लासच्या मुलांच्या मोबाइलवर सापडली. मी लॉग काढला. शुक्रवारी दुपारी एक वीसला पेपरचं फोल्डर उतरवलं गेलं होतं. चावी तिची. इंटरनेटवरचा पत्ता आमच्याच कार्यालयाचा, पण एकाच राउटरमागे बसलेल्या सगळ्यांचा पत्ता बाहेर एकच दिसतो, तेव्हा त्यावरून माणूस कळत नाही. एक वीसला आम्ही सगळेच डबे उघडून इकडेतिकडे बसलेले असायचो.

सरांकडे जाण्याआधी मी कपाट उघडलं. ड्राइव्ह मी नेहमी प्लास्टिकच्या डबीत ठेवायचे. तो डबीबाहेर, स्टेपलच्या खोक्यांवर पडला होता.

मी तो डबीत परत ठेवला.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. लॉगची छापील पट्टी टेबलावर ठेवली.

"ही तुझीच चावी ना?"

"चावी माझी हाय, सर. मी न्हाई आले. मी तर जेवत होते."

"चावी काय आपोआप चालली?"

"ताईंकडे माझ्या चावीची कॉपी हाय. सगळ्यांचीच हाय. विचारा त्यांना."

सर माझ्याकडे वळले. "मॅडम?"

"आहे," मी म्हटलं. "कपाटात कुलूपबंद असते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. खिळ्यावरची किल्ली तिनंही रोज पाहिलेली होती. ती म्हणाली, "ताई, पूर्ण सांगा ना."

मी लॉगच्या पट्टीकडे बघत राहिले. एवढंच सांगायचं होतं: कुलुपाची किल्ली भिंतीवर असते, ड्राइव्ह डबीबाहेर होता, चावीला पासफ्रेज नाही, तेही माझ्यामुळे. चार वाक्यं. मुलीची अकरावीची फी, आणि कमावणारी मी एकटीच, असं मी नंतर स्वतःला सांगत आले. त्या क्षणी मात्र फीचा विचारही नव्हता. आपली व्यवस्था चुकीची निघेल, याचीच भीती होती.

"इतके दिवस तुझ्यावर विश्वास टाकला," सर तिला म्हणाले.

"माझ्यावर कुठं टाकला, सर? कागदावर टाकून राहिलात."

ती त्याच दिवशी गेली. तिची ओळ मीच खोडली. त्या आठवड्यात प्रत्येकाला स्वतःच्या संगणकावर, मी खोलीत नसताना, नवी जोडी करायला लावली. पासफ्रेज सक्तीचा. ड्राइव्ह हातोडीनं फोडला. पेपर कुणी नेला ते आजवर कळलेलं नाही. पण त्यानंतर कधी फुटला नाही, आणि सरांना वाटलं, ती गेली म्हणूनच.

लातुरात क्लासवाल्यांची एकमेकांशी कितीही हाणामारी असो, अशी बातमी सगळ्यांकडे एकाच दिवशी पोचते. तिला कुणीच घेतलं नाही. नवऱ्याला इथे ठेवून ती मुलांना घेऊन नांदेडला वडिलांकडे गेली. वर्षभरानं तिचा फोन आला. तिथल्या एका दवाखान्यात संगणकाचं काम होतं, अनुभवाचं पत्र हवं होतं. मी सरांची सही मिळवली, तेही सोपं गेलं नाही, आणि स्वतः पत्र घेऊन नांदेडला गेले. दुकानाच्या काउंटरमागे ती उभी होती. तिनं चहा मागवला. पत्र उभ्यानंच वाचलं: काम समाधानकारक, वर्तणूक चांगली.

"वर्तणूक चांगली, तर मग काढलं कशाला, असं तिथं विचारतील. काय सांगू?"

मी पत्राखालच्या सरांच्या सहीवर बोट ठेवलं.

"तुम्ही एक वेगळं लिहून द्या, ताई. तुमच्या सहीनं. कपाट कसं होतं ते. तेवढंच."

"मी अजून तिथंच आहे गं."

"हाव, ते तर दिसतंच." तिनं पत्र जुन्या घड्यांवरच नीट मिटून माझ्या हातात परत दिलं. "चहा घ्या. गार होऊन राहिला."

चहा मी घेतला. साडेचारच्या गाडीनं परत आले.