अळणी पेज आणि Excl01

शाळेतून रिटायर झाल्यावर मी मालवणच्या बाजारात एका झेरॉक्सच्या दुकानात टेबल मांडलं. बोर्डावर लिहिलंय ‘इंग्रजी-मराठी अर्ज, भाषांतर’. मुंबईत अडकलेली कागदपत्रं, गोव्यातल्या कंपन्यांचे करार, बोटीवर जाणाऱ्यांचे दाखले, सगळं माझ्याकडे येतं. तीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवून कंटाळले होते, आता मोठ्या माणसांचं इंग्रजी निस्तरते आहे. डोक्याला ताप तोच, फक्त सुट्ट्या गेल्या.

माझा एक नियम आहे. मी इंग्रजीत लिहिलेल्या कागदावर माणसाने सही करायच्या आधी तो कागद त्याला मराठीत वाचून दाखवायचा, सगळा. लोक वैतागतात. “बाई, तुमी लिवलास ना, मगे झाला तर.” झालं नाही. तुझी सही, तुझा शब्द. ऐकून घे आणि मग कर. या नियमापायी माझी दुपार वाया जाते, पण आता वयही सवय बदलायचं उरलेलं नाही.

ती बाई आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. वीज गेलेली, पंखा बंद, मी पदराने वारा घेत बसलेली. खाडीपलीकडच्या गावातली, पन्नाशीची. नवऱ्याचं जाळी आणि दोरखंडाचं दुकान. पिशवीतून तिने प्लास्टिकची फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली, जणू ती फाइल तिला भाजत होती.

नवऱ्याच्या छातीत दुखलं म्हणून फोंडाघाट चढून त्याला कोल्हापूरला नेलं होतं. दोन नसा तुंबलेल्या. एकीत स्टेंट घातला, दुसरीत सहा आठवड्यांनी घालायचा ठरला. पैसे भरले, मग विमा कंपनीकडे क्लेम केला. कंपनीने तो फेटाळला. आणि नवऱ्याने घरात जाहीर केलं, “क्लेम मंजूर होईस्तोवर मी त्या टेबलार परत झोपूचंय नाय.” सहामधले तीन आठवडे संपले होते.

“ह्यांची दुसरी नस तशीच आसा, बाई,” ती म्हणाली. “माका रात्री झोप नाय. ह्यांनी कूस बदलली तरी मी उठून बघतंय.”

कंपनीचं पत्र मी वाचलं. पॉलिसीचं Clause 4.1, Code Excl01, आधीपासून असलेला आजार, छत्तीस महिन्यांचा प्रतीक्षा काळ. पॉलिसीला तीस महिने झाले होते. हॉस्पिटलच्या केसपेपरवर लिहिलेलं होतं: रक्तदाब पाच वर्षांपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने मीठ बंद. एवढ्यावर त्यांनी दार लावून घेतलं होतं.

एजंटने तिला त्याचं मराठी करून सांगितलं होतं, “जुना आजार आहे, काही होणार नाही.” खरं सांगते, मीही आधी तेच म्हणाले. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं, जुनं ते जुनं. मला घरी जायचं होतं. तरी अपील करायचंच असेल तर माझ्या पद्धतीने करायचं म्हणून मी पॉलिसीचं पुस्तक उघडलं. असल्या पत्रात कलमांचे आकडे आपल्या सोयीने बदलायचे नसतात. 4.1 चं ‘चार अ’ केलं की तिकडचा माणूस म्हणतो असं कलमच आमच्या पॉलिसीत नाही, आणि सगळं परत. म्हणून आकडे आणि कोड पुस्तकात छापलेत तसेच, इंग्रजीतच, आणि कलमातली वाक्यं शब्दाला शब्द. 4.1 मध्ये ‘आधीपासून असलेला आजार’ म्हटलंय, पण त्याची व्याख्या मागे Clause 2.29 मध्ये. मी ती तिला मराठीत करून वाचायला लागले, कंटाळून, एकेका तुकड्याने.

“पॉलिसी सुरू होण्याच्या तारखेपूर्वीच्या छत्तीस महिन्यांच्या आत वैद्यकीय व्यवसायीने ज्याचं निदान केलं, किंवा ज्यासाठी वैद्यकीय व्यवसायीने सल्ला वा उपचार सुचवले, किंवा त्याच्याकडून ते घेतले...”

“वैद्यकीय व्यवसायी म्हंजे?”

“डॉक्टर गो. दुसरं कोण?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “डॉक्टरान कायएक सांगूक नाय, बाई. माझा मीच सांगलंय.”

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पाच वर्षांपूर्वी तिचा मोठा दीर छातीत कळ येऊन गेला, दुकानातच. त्या दिवसापासून हिच्या मनात भीती बसली. नवऱ्याला खारो बांगडो आणि पेज म्हणजे जीव की प्राण. बायकोने सांगून तो ऐकणारा नव्हता. म्हणून बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी हिने ठोकून दिलं की गावातले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, तुमच्या घोवाचं प्रेशर वाढलंय, मीठ एकदम बंद. तेव्हापासून अळणी पेज, अळणी सार. खरं प्रेशर निघालं ते पॉलिसी घेतल्यावर सव्वा वर्षाने, तेव्हापासून गोळी. कोल्हापूरला डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून त्रास? नवऱ्याने सांगितलं, पाच वर्षं झाली, डॉक्टरान मीठ बंद केल्यान तेव्हापासून.

“म्हंजे माझ्याच तोंडान मी ह्यांचो क्लेम बुडवलंय,” ती म्हणाली आणि डोळे पुसले. “आणि आता ह्या पत्रात लिवूचा तर ह्यांका कळतला.”

काय म्हणावं या बाईला! पाच वर्षं एका डॉक्टरच्या नावाने खोटं बोलली. पण मला तिच्यावर राग आलाच नाही, दया आली. माझा नवरा अळणी काही खात नसे आणि मी कधी जोर केला नाही, हेही त्या दुपारी आठवलं.

मी तिला सांगितलं, खरं लिहावंच लागेल, दोन कागद आण. गावच्या डॉक्टरांचा दाखला, रक्तदाब पहिल्यांदा कधी आढळला त्याच्या तारखेसह. आणि पॉलिसीच्या आधीच्या तीन वर्षांत कुठे प्रेशर तपासलेलं असेल तर त्याचा कागद. चार दिवसांनी ती दोन्ही घेऊन आली. शाळेत झालेल्या आरोग्य शिबिराचा चिठोरा, नवऱ्याच्या नावाचा, प्रेशर ठीक लिहिलेला, पॉलिसीच्या आदल्या वर्षाचा. तिने तो देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवला होता. का ठेवला होता, ते तिलाच माहीत.

मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. Clause 2.29 शब्दाला शब्द, Clause 4.1 Code Excl01 जसंच्या तसं, मग सोबतचे कागद. आणि हकिगत: पत्नीने डॉक्टरांचे नाव सांगून घरी मीठ बंद केले; त्यामुळे माझा तसा समज होता; तोच समज मी दाखल होताना सांगितला; निदान वा सल्ला कोणत्याही वैद्यकीय व्यवसायीने दिलेला नव्हता. चांगलं उतरलं होतं. मला स्वतःवरच खूश व्हायला झालं, जे हल्ली क्वचित होतं.

सही नवऱ्याची, कारण पॉलिसी त्याच्या नावावर. तर तो आला, बायको मागे दोन पावलं. बारीक झालेला, शर्ट खांद्यावर लोंबणारा माणूस. मी वाचायला लागले. तिने तोंड रस्त्याकडे फिरवलं. डॉक्टरचं नाव खोटं घेतलं, त्या वाक्याशी मी क्षणभर अडखळले, पण वाचलं. पुढचं वाचलं: “त्यामुळे माझा तसा समज होता.”

“ह्या बरोबर नाय,” तो म्हणाला.

“काय बरोबर नाही?”

“माझो तसो समज नव्हतो. माका म्हायत होता.”

बायको वळली. मी चष्मा काढला.

“डॉक्टर माझ्याच दुकानात येवन बसता, बाई. दुसऱ्या दिवसाक विचारलंय त्याका. म्हणालो, मी कायएक सांगूक नाय.” मग बायकोकडे न बघता, टेबलावरच्या स्टेपलरला सांगावं तसं म्हणाला, “दादा गेल्यापासून ही रात्रीची उठून माझो श्वास बघी. म्हटलंय, खावया अळणी. तिका बरा वाटता तर वाटांदे.”

“मगे कोल्हापूराक पाच वर्षां कित्याक सांगलास?” तिचा आवाज चिरकला.

“तू बाजूक उभी होतंस गो. डॉक्टर विचारता, मीठ कोणी बंद केल्यान? तुझ्या तोंडार तुका खोटी कशी पाडू?”

 एवढ्या मोठ्या घोळाच्या मुळाशी असं काही निघेल असं मला वाटलं नव्हतं. दोन माणसं एकमेकांना सांभाळत बसली आणि कंपनीने त्याला जुना आजार म्हटलं.

पण पत्र तसंच पाठवता येणार नव्हतं. माझा समज होता हे आता खोटं ठरलं होतं, आणि खोट्यावर मी सही घेत नाही. मला खूप वाटलं, राहू दे, कुणाला कळतंय? उकडतंय, पाठ दुखते, परत प्रिंट काढायची. बसले परत. ते वाक्य खोडून लिहिलं: “मला रक्तदाबाचे निदान झालेले नव्हते हे मला माहीत होते. पत्नी सोबत असल्याने घरात जे सांगितले जात असे तेच मी दाखल होताना सांगितले. ते विधान कोणत्याही वैद्यकीय निदानावर वा सल्ल्यावर आधारित नव्हते.” परत वाचून दाखवलं. तो म्हणाला, “आता बरोबर,” आणि सही केली. 

मी दोघांना सांगून ठेवलं की नाहीच म्हणाले तर पुढे विमा लोकपाल आहे, वर्षाची मुदत असते, धीर सोडू नका. तो फाइल काखेत मारून निघाला. ती मात्र दर दोन दिवसांनी दुकानाच्या दारात येऊन उभी राहायची आणि मी मान हलवली की निघून जायची. मी सांगितलं होतं, पत्र तुमच्या घरी येईल, माझ्याकडे नाही. तरी यायची.

दोन आठवडे संपता संपता कंपनीचं पत्र आलं. पुनर्विचार केला, सोबतची कागदपत्रं पाहिली, क्लेम मंजूर. तेवढंच, चार ओळी. तिने ते पत्र माझ्याकडून मराठीत दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचताना ती रडली आणि मीही, कशाला लपवू.

ठरल्यापेक्षा आठवडाभर उशिरा ती दोघं परत घाट चढून गेली. परत आल्यावर ती एकटीच दुकानात आली, कागदात बांधलेली काजूची बी घेऊन. दुसरी नसही उघडली होती.

“दाखल करताना परत सगळा विचारल्यानी?” मी विचारलं. “कधीपासून, काय पथ्य?”

“विचारूक लागले,” ती म्हणाली, “तशी मी खोलीच्या भायर जावन उभी रवलंय.”